पर्याय गायब असलेल्या बहुपर्यायी प्रश्नाचे अक्षर अंदाजाने का देऊ नये, आणि त्याऐवजी काय करावे

बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरसूची तयार करणाऱ्या किंवा शंका सोडवून देणाऱ्या माणसासमोर एक अडचण पुन्हा पुन्हा येते. प्रश्नाचे वाक्य पूर्ण असते, त्याखाली पर्याय मात्र नसतात, आणि सोबत विचारणा असते की याचे उत्तर अ, ब, क की ड. विचारणाऱ्याला घाई असते आणि उत्तर देणाऱ्याला विषय येत असतो, त्यामुळे मनातल्या मनात हिशेब करून एखादे अक्षर सांगून टाकण्याचा मोह होतो. माझ्याकडून हे घडले आहे आणि त्याचा त्रास दुसऱ्याला झालेला मी पाहिला आहे. म्हणून या अडचणीची कारणे, तिच्यातून बाहेर पडण्याचे मार्ग आणि ज्या ठिकाणी मार्गच नसतो तिथे काय लिहावे, हे येथे सविस्तर मांडतो.

प्रत्यक्ष काय घडले

गणिताच्या वीस सराव प्रश्नांचा एक संच माझ्याकडे उत्तरसूचीसाठी आला होता. प्रश्नांची वाक्ये स्वच्छ होती, पर्याय एकाही प्रश्नाला नव्हते, आणि सूचीत फक्त अक्षरे हवी होती. त्यातला चौदावा प्रश्न असा होता: x² − 5x + 6 = 0 या समीकरणाचे एक मूळ कोणते? अवयव (x − 2)(x − 3), म्हणून मुळे २ आणि ३. येथपर्यंत काही वाद नाही. पुढे मी असा विचार केला की संख्यांचे पर्याय बहुधा चढत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिला पर्याय एखादी ऋण संख्या किंवा १ असेल, शेवटचे दोन ५ आणि ६ असतील, कारण समीकरणातले आकडे फसवे पर्याय म्हणून ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे बरोबर उत्तर दुसऱ्या जागी असणार. सूचीत मी ‘ब’ लिहिले.

मूळ कागदावरचे पर्याय असे होते: अ) −२, ब) −३, क) ३, ड) ६.

त्या संचावर सराव करणाऱ्या एका विद्यार्थिनीची वही काही दिवसांनी माझ्यासमोर आली. तिने अवयव अचूक पाडले होते, ३ हे मूळ काढले होते आणि ‘क’ला खूण केली होती. मग सूचीशी पडताळताना ‘ब’ दिसल्यावर तिने स्वतःची ओळ खोडली होती आणि खाली (x + 2)(x + 3) असे लिहून −३ हे उत्तर मुद्दाम जुळवून आणले होते. शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिले होते, ‘चिन्ह उलटे घ्यायचे’. −३ समीकरणात घालून पाहिले असते तर ९ + १५ + ६ म्हणजे ३० आले असते, शून्य नव्हे; पण छापील सूचीवर विश्वास ठेवणारा विद्यार्थी स्वतःच्या बरोबर उत्तरावर शंका घेतो, सूचीवर घेत नाही. मला गणित येत होते, उत्तरही बरोबर काढले होते, आणि तरीही मी दिलेल्या एका अक्षराने तिच्या डोक्यात चिन्हांचा चुकीचा नियम बसवला. या अडचणीतली सर्वांत वाईट गोष्ट हीच आहे, की उत्तर माहीत असूनही अक्षर चुकू शकते.

अक्षरात नेमके काय असते

पर्यायाचे अक्षर हा उत्तराचा भाग नाही. तो कागदावरच्या जागेचा पत्ता आहे. उत्तर प्रश्नातून निघते, पत्ता मात्र प्रश्न मांडणाऱ्याने त्या दिवशी पर्याय कोणत्या क्रमाने लिहिले यावर ठरतो, आणि तो क्रम प्रश्नाच्या वाक्यात कुठेही साठवलेला नसतो. चार पर्याय २४ प्रकारे मांडता येतात. त्यांपैकी ६ मांडण्यांत बरोबर उत्तर पहिल्या जागी येते, ६ मध्ये दुसऱ्या, ६ मध्ये तिसऱ्या आणि ६ मध्ये चौथ्या. केवळ वाक्य हाती असलेल्या माणसाकडे या २४ पैकी एकही मांडणी बाद करण्याचे कारण नसते, मग तो त्या विषयाचा कितीही जाणकार असो. जाणकारीने ‘३’ पर्यंत पोहोचता येते. ‘३’ पासून ‘क’ पर्यंतचा रस्ता मात्र फक्त मूळ कागदावर असतो.

प्रश्न संगणकावर कसे साठवले जातात हे पाहिले की हा फरक डोळ्यांना दिसतो. मूडल या परीक्षा घेण्याच्या प्रणालीत प्रश्न आत घेण्याचे काही साचे आहेत. त्यांपैकी गिफ्ट नावाच्या साच्यात आमचा चौदावा प्रश्न असा लिहिला जाईल:

```
::P14:: x^2 - 5x + 6 \= 0 या समीकरणाचे एक मूळ कोणते? {
~-2
~-3
=3
~6
}
```

येथे चुकीच्या पर्यायांपुढे `~` आहे आणि बरोबर पर्यायापुढे `=` आहे. (प्रश्नातल्या बरोबरच्या चिन्हामागे उलटी तिरकी रेघ आहे, ती हे चिन्ह उत्तराची खूण समजले जाऊ नये म्हणून.) या संपूर्ण नोंदीत अक्षर कुठेच नाही. बरोबर काय आहे ते पक्के नोंदलेले आहे, पण ते ‘क’ आहे की ‘अ’ हे प्रश्न पडद्यावर दिसेल तेव्हाच ठरते. चाचणीच्या सेटिंगमध्ये `Shuffle within questions` सुरू असेल आणि त्या प्रश्नालाही पर्याय फिरवण्याची मुभा दिलेली असेल, तर प्रत्येक प्रयत्नाला क्रम बदलतो, म्हणजे शेजारी बसलेल्या दोघांना एकाच प्रश्नाची दोन वेगळी अक्षरे बरोबर ठरू शकतात. याउलट एकेन नावाच्या साच्यात पर्यायांपुढे `A.`, `B.` अशी अक्षरे लिहून शेवटी `ANSWER: C` अशी ओळ द्यावी लागते. तिथे अक्षर आहे खरे, पण वरचे चार पर्याय काढून घेतले तर त्या ओळीला काहीच अर्थ उरत नाही.

छापील परीक्षेतही हेच असते. एकाच प्रश्नपत्रिकेचे चार संच काढले की प्रश्नांचा क्रम बदलतो आणि अनेकदा पर्यायांचाही. ‘मागच्या बॅचमध्ये याचे उत्तर ब होते’ ही आठवण खरी असूनही निरुपयोगी असते, कारण ती कोणत्या संचाची आहे हे तिच्यासोबत आलेले नसते.

आपल्या लिपीमुळे यात आणखी एक गुंतागुंत होते आणि ती सहसा लक्षात घेतली जात नाही. काही प्रश्नपत्रिकांत पर्यायांना अ, ब, क, ड असे क्रम असतात, काहींत अ, आ, इ, ई, तर काहींत क, ख, ग, घ. पहिल्या पद्धतीत ‘क’ म्हणजे तिसरा पर्याय आणि शेवटच्या पद्धतीत ‘क’ म्हणजे पहिला. पर्याय समोर नसताना कोणी ‘क’ सांगितले, तर ऐकणारा ते कोणत्या पद्धतीत वाचेल हेही सांगता येत नाही. रोमन अक्षरांच्या संचातला C मराठीत उतरवताना काही जण तो ‘क’ करतात आणि काही जण ‘सी’ लिहितात, त्यामुळे एकदा झालेला गोंधळ पुढच्या नकलेत वाढत जातो.

अंदाज बरोबर येतो असे का वाटते

चारांत एक अंदाज केवळ योगायोगाने जुळतोच. वीस प्रश्नांना डोळे मिटून अक्षरे दिली तर सरासरी पाच जुळतात. एवढेच नव्हे, तर साधारण दहांत एका वेळी आठ किंवा त्याहून अधिक जुळतात. ज्याचे आठ जुळले त्याला आपल्याला काहीतरी कळले असे मनापासून वाटते, आणि तोच माणूस पुढच्या वेळी अधिक ठामपणे अक्षर सांगतो. न जुळलेले अंदाज मात्र कोणी मोजून ठेवत नाही, कारण ते चुकल्याचे कळायला मूळ कागद लागतो आणि तोच हाती नसतो.

‘मधले पर्याय बरोबर असण्याची शक्यता जास्त’ हा समज पूर्णपणे निराधार नाही, म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. यिगल अत्ताली आणि माया बार-हिलेल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की प्रश्न तयार करणारे बरोबर उत्तर मधल्या जागी ठेवण्याकडे झुकतात आणि अंदाज करणारेही मधल्याच जागा निवडतात. पण हा कल अगदी ठळक आहे असे मानले आणि शंभरांपैकी साठ उत्तरे मधल्या दोन जागी असतात असे धरले, तरी ‘ब’च्या वाट्याला तीस आणि ‘क’च्या वाट्याला तीसच येतात. म्हणजे अशा झुकलेल्या संचातही ‘ब’ सांगणारा शंभरांत सत्तर वेळा चुकतो. शिवाय जिथे पर्याय यंत्राने फिरवले जातात किंवा उत्तरसूची समतोल ठेवली जाते, तिथे हा कल उरतच नाही.

परीक्षा देणाऱ्याने शेवटच्या पाच मिनिटांत केलेला अंदाज आणि हा अंदाज यांत मला मोठा फरक दिसतो. परीक्षार्थीसमोर पर्याय असतात. त्यातला एखादा तो बाद करू शकतो, आणि चुकले तर नुकसान त्याचे एकट्याचे होते. चुकीला एक तृतीयांश गुण वजा होत असतील तर चार पर्यायांवरच्या निव्वळ अंदाजातून सरासरी शून्य मिळते, हा हिशेब करून धोका पत्करायचा की नाही ते तो ठरवू शकतो. उत्तरसूचीतले अक्षर मात्र ती वापरणाऱ्या प्रत्येकाकडे ‘तपासलेले उत्तर’ म्हणून जाते आणि त्यामागे अंदाज होता हे त्यांना कळत नाही.

पर्याय कुठे गेले हे आधी शोधावे

माझ्या अनुभवात पर्याय बहुतेक वेळा नष्ट झालेले नसतात. ते कुठेतरी वेगळे पडलेले असतात. म्हणून अक्षराचा विचार करण्यापूर्वी ते कशामुळे सुटले हे ओळखावे. प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते.

पाठवलेल्या फोटोत प्रश्न पानाच्या अगदी तळाशी असेल, तर पर्याय पुढच्या पानावर गेलेले असतात आणि पुढचे पान मागितले की काम होते. दोन स्तंभांच्या छपाईत हीच गोष्ट जास्त फसवी होते. डाव्या स्तंभाच्या शेवटी प्रश्न आणि उजव्याच्या डोक्यावर पर्याय असतील, तर मजकूर काढून घेताना ते दुसऱ्याच प्रश्नाखाली जाऊन बसतात. कुठे एका प्रश्नाखाली सलग आठ पर्याय दिसले, तर त्यांतले चार कोणत्या तरी पोरक्या प्रश्नाचे असतात.

नक्कल केलेल्या मजकुरात (अ), (ब), (क), (ड) ही अक्षरे शिल्लक असतील आणि त्यांच्यापुढे रिकामी जागा असेल, तर पर्याय चित्रांच्या किंवा सूत्रसंपादकातल्या समीकरणांच्या रूपात होते. साधा मजकूर चिकटवताना चित्रे मागे राहतात. अशा वेळी मजकूर पुन्हा मागण्यात अर्थ नसतो, कारण तो पुन्हा तसाच येतो. मूळ फाइलची पीडीएफ किंवा पडद्याचा फोटो मागावा.

आमच्या वीस प्रश्नांचे कारण मात्र वेगळे निघाले, आणि ते इतके सर्रास घडणारे आहे की त्यावर थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. मूळ संच वर्डच्या फाइलमध्ये होता. जागा वाचवण्यासाठी टंकलेखकाने प्रत्येक प्रश्नाचे चार पर्याय दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्यात बसवले होते. त्या फाइलमधून मजकूर काढण्यासाठी पायथनचा छोटा प्रोग्रॅम वापरला गेला आणि त्यात `document.paragraphs` एवढेच वाचले होते. या यादीत तक्त्यांच्या आतला मजकूर येत नाही. म्हणून वीसच्या वीस प्रश्नांची वाक्ये आली आणि पर्याय एकाचेही आले नाहीत. सर्वच प्रश्नांचे पर्याय एकदम नाहीसे झाले असतील तर ही खूणच समजावी, कारण माणसाच्या हातून एखाददुसरा पर्याय सुटतो. सगळे सुटतात ते यंत्राच्या एका नियमामुळे. तक्ते वेगळे वाचले की पर्याय मिळतात:

```
from docx import Document
d = Document("sanch.docx")
for t in d.tables:
    for r in t.rows:
        print([c.text for c in r.cells])
```

चौदाव्या प्रश्नाच्या तक्त्यातून वरच्या ओळीत −२ आणि ३, तर खालच्या ओळीत −३ आणि ६ मिळाले. पर्याय परत आले, म्हणून आता अक्षर सांगता येईल असे वाटते, पण येथेच आणखी एक खड्डा आहे. अ, ब, क, ड ही अक्षरे टंकलेखकाने टाइप केलेली नव्हती. ती वर्डच्या आपोआप येणाऱ्या क्रमांकनाची होती. असे क्रमांक परिच्छेदाच्या मजकुरात नसतात, तर त्याच्या मांडणीच्या माहितीत असतात, आणि `.text` मागितल्यावर ते मिळत नाहीत. तक्ता आडवा वाचला तर ३ हे दुसऱ्या जागी येते, म्हणजे ‘ब’. उभा वाचला तर −२, −३, ३, ६ असा क्रम लागतो आणि ३ तिसऱ्या जागी येते, म्हणजे ‘क’. छापील प्रतीत टंकलेखकाने उभे क्रमांकन केले होते, आणि हे मला ती प्रत उघडून पाहिल्यावरच कळले. प्रोग्रॅमने दिलेल्या क्रमावर विसंबून राहिलो असतो तर पर्याय हाती असूनही पुन्हा ‘ब’ हीच चूक केली असती. म्हणून अशा तक्त्यांच्या बाबतीत, पर्याय सापडल्यावरही, अक्षर देण्यापूर्वी निदान दोन-तीन प्रश्न मूळ पानाशी ताडून पाहावेत. पहिला आणि चौथा पर्याय दोन्ही वाचनांत त्याच जागी राहतात, फक्त मधले दोन अदलाबदल होतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सूची बरोबर वाटते आणि चूक ब आणि क या उत्तरांमध्येच लपून राहते.

तोच प्रश्न दुसऱ्या एखाद्या संग्रहात सापडला, तर तिथले अक्षर उचलू नये. प्रश्नाचे वाक्य शब्दशः तेच आहे का, विशेषतः ‘नाही’, ‘चूक’, ‘वगळता’ असे शब्द सुटलेले नाहीत ना, हे आधी पाहावे. मग चारही पर्याय तेच आहेत याची खात्री कोणाकडून होत असेल तर करून घ्यावी. तशी खात्री होत नसेल, तर त्या संग्रहातून उत्तराचा मजकूर घ्यावा आणि अक्षर तिथेच सोडावे.

पर्याय मिळालेच नाहीत तर

आता प्रश्नाच्या जातीप्रमाणे वागावे लागते. काही प्रश्न स्वतःपुरते पूर्ण असतात. ‘१ ते १०० या नैसर्गिक संख्यांची बेरीज किती?’ याचे उत्तर ५०५० आहे आणि पर्याय काहीही असले तरी ते बदलत नाही. येथे ‘५०५०’ एवढे लिहावे आणि हा आकडा ज्या पर्यायात असेल तो निवडावा असे सांगावे. वाचणाऱ्याला स्वतःच्या कागदावर शोधायला दोन सेकंद लागतात, आणि त्याचा संच कोणताही असला तरी उत्तर लागू पडते.

दुसऱ्या जातीचे प्रश्न अर्धवट उघडे असतात. आमचा चौदावा प्रश्न तसाच आहे, कारण ‘एक मूळ’ म्हटल्यावर २ हेही बरोबर आणि ३ हेही. पर्यायांत कोणते ठेवले आहे यावर निवड ठरते. ‘√५० चे सर्वांत जवळचे मूल्य कोणते?’ हाही याच जातीचा. खरे मूल्य ७.०७ च्या किंचित पुढे आहे, पण पर्यायांत ७.१ असेल आणि ७.०७ नसेल तर ७.१ निवडावे लागेल, आणि दोन्ही असतील तर ७.०७. अशा ठिकाणी उत्तर अटीसह लिहावे. मी आता चौदाव्या प्रश्नासारख्या ठिकाणी असे लिहितो: ‘मुळे २ आणि ३. पर्यायांत यांपैकी जी संख्या असेल ती निवडावी. दोन्ही एकत्र देणारा पर्याय असेल तर प्रश्नात “एक मूळ” म्हटले आहे की “मुळे”, हे पुन्हा वाचावे. पडताळणी: निवडलेली संख्या समीकरणात घालून शून्य येते का ते पाहावे.’ ही शेवटची ओळ त्या विद्यार्थिनीची वही पाहिल्यापासून मी कधीच गाळत नाही, कारण माझी सूची चुकली तरी वाचणाऱ्याच्या हाती ती चूक पकडण्याचे साधन राहते.

तिसऱ्या जातीच्या प्रश्नांत पर्याय हाच प्रश्न असतो. ‘खालीलपैकी कोणती संख्या मूळ संख्या नाही?’ या वाक्यात विचारण्यासारखे जे काही आहे ते ‘खालीलपैकी’ या शब्दात आहे. पर्याय ५१, ५३, ५९, ६१ असतील तर उत्तर ५१, कारण ते ३ × १७ आहे. पण पर्याय वेगळे असतील तर उत्तरही वेगळे, आणि वाक्यावरून त्याचा मागमूसही लागत नाही. येथे अक्षरच काय, उत्तराचा मजकूरही देता येत नाही. संख्या कशी तपासायची ती रीत तेवढी सांगता येते, म्हणजे दोन अंकी संख्येला २, ३, ५ आणि ७ ने भागून पाहावे, आणि या चारांपैकी स्वतः नसलेली जी संख्या त्यांतल्या एकाने निःशेष भागली जाते ती मूळ नाही. ‘वरीलपैकी सर्व’ किंवा ‘यांपैकी एकही नाही’ असे पर्याय ज्यांत असू शकतात, ते प्रश्नही याच जातीत धरावेत.

यातून सुटण्यासाठी एक पळवाट काही जण काढतात, ती म्हणजे स्वतःच चार पर्याय रचून प्रश्न पूर्ण करायचा आणि मग अक्षर द्यायचे. मला ही पळवाट नुसत्या अंदाजापेक्षा अधिक घातक वाटते. नुसता अंदाज निदान अपूर्ण दिसतो. रचलेल्या पर्यायांमुळे प्रश्न पूर्ण आणि अस्सल दिसू लागतो, पुढे तो त्याच रूपात नकलला जातो, आणि मूळ कागद असलेल्या माणसाचा पर्याय त्यात नसला की तो आपलाच कागद चुकला असे समजतो.

विचारणाऱ्याने ‘मला फक्त अक्षर हवे’ असा आग्रह धरला, तरी त्याच्या कागदावर अक्षर शोधणे त्याच्याच हाती आहे, हे शांतपणे सांगता येते. मी त्याला उत्तराचा मजकूर देतो आणि त्याच्यासमोरचे चार पर्याय वाचून दाखवायला सांगतो. पहिल्या किंवा दुसऱ्या पर्यायापर्यंत पोहोचताच बहुतेकांना आपले अक्षर आपोआप सापडते.

चुकीची सूची आधीच बाहेर गेली असेल तर

अशा वेळी फक्त दुरुस्त अक्षरे पाठवली तर गोंधळ दुप्पट होतो, कारण जुनी आणि नवी सूची दिसायला सारखीच असते आणि कोणती नंतरची हे कोणाला आठवत नाही. मी वीसही प्रश्नांची सूची नव्याने काढली, प्रत्येक अक्षरापुढे उत्तराचा मजकूर लिहिला, म्हणजे ‘१४ – क – ३’ असे, आणि वर स्पष्ट लिहिले की आधीच्या सूचीतली अक्षरे पर्याय न पाहता दिली होती, ती कोणीही वापरू नयेत. मूळ पानांशी ताडल्यावर वीसपैकी बारा अक्षरे बदलावी लागली. गणित त्यांतल्या एकाही ठिकाणी चुकलेले नव्हते.

दोन प्रश्नांचे पर्याय आकृत्यांच्या रूपात होते आणि त्या आकृत्या माझ्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. त्या दोन ओळींत अक्षराच्या जागी मी आडवी रेघ ठेवली आहे आणि पुढे लिहिले आहे: ‘पर्याय पाहिलेले नाहीत. आकृत्या मिळाल्यावर उत्तर देण्यात येईल.’